चवदार तळं, पंचगव्य आणि नीतीचा पाया

प्रश्न : घरात सगळे म्हणतात, देवाची भीती नसेल तर माणूस काहीही करेल. धर्माशिवाय माणूस चांगला राहू शकतो का? आणि नीतीचा पाया धर्म नसेल तर मग कोणता?

उत्तर :

राहू शकतो. आगरकरच बघा ना. देवाधर्मावर त्यांची श्रद्धा नव्हती. शिकून मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती, पण त्यांनी आईला पत्र लिहून कळवलं की, पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी सगळा वेळ लोकांच्या भल्यासाठी घालवणार आहे. बालविवाह आणि विधवांचं केशवपन यांविरुद्ध लिहीत राहिले, म्हणून पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. तरी लिहायचे थांबले नाहीत. त्यांना ना नरकाची भीती होती, ना स्वर्गाची आशा.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त अवघड आहे. त्यासाठी महाडला जाऊ या.

1923 साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं. पण तिथलं पाणी प्यायची सोय काही झाली नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मग हे लोक आता देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या. नंतर तळं ‘शुद्ध’ करण्यासाठी त्यात पंचगव्याच्या 108 घागरी ओतल्या गेल्या. म्हणजे शेण आणि गोमूत्र मिसळल्याने पाणी शुद्ध झालं, माणसाच्या ओंजळीने मात्र ते बाटलं होतं.

घागरी ओतणारे लोक दुष्ट होते असं मानलं की विषय सोपा होतो, पण मला ते खरं वाटत नाही. घरी आलेल्या पाहुण्याला उपाशी न पाठवणारी, व्यवहारात सचोटीने वागणारी माणसं त्यांच्यात असणारच. देवाची भीतीही त्यांना होती. त्या भीतीनेच तर ती हे करत होती.

त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. ती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. आता विचार करा, हा ग्रंथ अन्यायाचा आहे हे त्यांनी कशावरून ठरवलं? त्या ग्रंथावरून तर नक्कीच नाही. न्याय-अन्यायाची जाण त्यांच्याकडे आधीच होती, म्हणून तर ते ग्रंथाला तपासू शकले. ‘खऱ्या धर्मात असं काही नाही’ असं म्हणणारा भाविकसुद्धा हेच करत असतो. खरा धर्म कोणता, हे तो आपल्या नीतीवरून निवडतो. त्यामुळे धर्म हा नीतीचा पाया आहे असं मी मानत नाही. देव सांगतो म्हणून एखादी गोष्ट चांगली, की ती चांगली आहे म्हणून देव सांगतो, हा पेच सॉक्रेटिसच्या तोंडी प्लेटोने फार पूर्वीच घातला आहे, आणि पहिला पर्याय स्वीकारला तर 108 घागरींवर आक्षेप घ्यायला जागाच उरत नाही.

पण मग आंबेडकरांनी धर्म सोडूनच का दिला नाही? 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या मांडणीत धम्मात देव नाही, देवाच्या जागी नीती आहे. पण नुसती नीती पुरत नाही, हेही ते बजावतात. नीती चोरांच्या टोळीतही असते, व्यापाऱ्यांत असते, जातभाईंमध्ये असते. आपल्या माणसांशी इमानाने वागायचं आणि बाहेरच्याला वाऱ्यावर सोडायचं, असं तिचं रूप असतं. महाडमध्ये नेमकं हेच झालं होतं. म्हणून नीती सगळ्यांसाठी एकच हवी आणि ती पवित्र मानली जायला हवी, असं त्यांचं म्हणणं. कमजोर माणसाला समाजात दुसरा आधार नसतो. ‘मला सोयीचं नाही’ म्हणून कुणी मोडू शकणार नाही अशा नियमानेच तो वाचतो.

मला हे पटतं, आणि नास्तिकांनी याकडे दुर्लक्ष करू नये असं कळकळीने वाटतं. एकट्या आगरकरांना पेललं ते हजारो लोकांना पेलेल असं नाही. पंचशील म्हणताना माणूस स्वतःच, चार लोकांसोबत, ठरवतो की मी जीवहिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही. वरून कुणी हुकूम करत नाही, पण म्हणायला सोबत असते आणि रोजची सवय लागते. धर्माचा हा उपयोग खरा आहे. फक्त ती सवय आपल्या जातीच्या, आपल्या घराच्या उंबऱ्यापाशी थांबते की पुढे जाते, हे प्रत्येक धर्मात, आणि नास्तिकांच्या घरातही, वेगळं तपासावं लागतं. घरच्यांशी पुन्हा वाद झाला तर देव आहे की नाही यावर घालू नका. आपल्या घरात कामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा का ठेवतो, असं विचारा.