कमी बीटाचा शेअर आणि लोअर सर्किट

प्रश्न: एका स्मॉलकॅप शेअरचे आणि निफ्टीचे १२ महिन्यांचे परतावे घेऊन एक्सेलमध्ये COVAR भागिले VAR केलं, बीटा ०.५५ आला. मित्राने SLOPE लावलं, त्याचा ०.६०. बरोबर कोणाचं? आणि एवढा कमी बीटा म्हणजे शेअर सुरक्षित ना?

मित्राचं बरोबर. जुनं COVAR बेरजेला n ने भागतं आणि VAR भागतं n वजा एकने. तुमच्याकडे १२ आकडे, म्हणजे वरच्या बाजूला १२ ने भागलंत आणि खालच्या बाजूला ११ ने. उत्तर अकरा-बारांश झालं, ०.६० चे ०.५५ झाले. दोन्हीकडे एकच भाजक ठेवला की तो कटून जातो:

```
=COVARIANCE.S(C2:C13,B2:B13)/VAR.S(B2:B13)
=SLOPE(C2:C13,B2:B13)
```

C मध्ये शेअर, B मध्ये निफ्टी, आणि SLOPE मध्ये शेअरच आधी. उलट टाकलंत तर शेअरच्या व्हेरिअन्सने भागलं जातं आणि चुकीचा पण दिसायला सभ्य आकडा हाती येतो.

सुरक्षिततेचं मात्र सविस्तर सांगतो, कारण यावरून मी एका नोकरीत बरीच डोकेफोड केली आहे.

पुण्यातल्या एका गुंतवणूक सल्लागाराच्या कार्यालयात होतो. आमच्या साहेबांनी निवृत्त ग्राहकांसाठी एक तक्ता बनवला होता. रोजच्या बंद भावांवरून वर्षभराचा बीटा काढायचा, चढत्या क्रमाने लावायचा आणि वरच्या ओळींना हिरवा रंग द्यायचा. हिरवं म्हणजे सुरक्षित. सगळ्यात वर होती एक छोटी रसायन कंपनी, बीटा ०.२ च्या आसपास. मी तिचे व्यवहार उघडून पाहिले तर कित्येक दिवस एकही सौदा नाही, आदल्या दिवशीचाच भाव पुढे ओढलेला. निफ्टी दोन टक्के पडला त्या दिवशी हिचा परतावा शून्य. पडझड व्हायची ती दोन दिवसांनी, कोणीतरी विकायला आला की. तोवर निफ्टी सावरलेला असायचा.

कोव्हेरिअन्स एवढंच बघतो की एकाच ओळीत दोघं आपापल्या सरासरीपासून एकाच बाजूला सरकले का. एक सोमवारी पडला आणि दुसरा त्याच बातमीवर बुधवारी पडला, तर त्याच्या लेखी दोघांचा संबंधच नाही. निफ्टीचं व्हेरिअन्स पूर्ण मोजलं जातं, कोव्हेरिअन्स अर्धवट, आणि भागाकार लहान येतो.

हे साहेबांना सांगितलं. म्हणाले, "सूत्रात चूक दाखव." सूत्रात चूक नव्हतीच, मग काय दाखवणार? रोजच्याऐवजी आठवड्याचे परतावे घेऊन दाखवले, बीटा दुपटीहून जास्त झाला. महिन्याचे घेतले, एकच्या वर गेला. साहेबांचा निष्कर्ष असा की "महिन्याचे आकडे कमी असतात, म्हणून ते भरवशाचे नाहीत." तक्ता हिरवाच राहिला.

मग आला मार्च २०२०. २३ तारखेला निफ्टी सुमारे १३ टक्के पडला. त्या कंपनीला ५ टक्क्यांचं सर्किट होतं, त्यामुळे ती पाचच टक्के पडली आणि तिथेच लॉक झाली. विकणाऱ्यांची रांग, घेणारा कोणी नाही. २४ ला निफ्टी अडीच टक्के वर, ही पुन्हा ५ टक्के खाली. २५ ला निफ्टी साडेसहा टक्क्यांहून जास्त वर, ही पुन्हा ५ टक्के खाली. आता या तीन ओळींचा बीटा काढा. शेअरची सरासरी उणे ५, तिन्ही दिवस परतावा उणे ५, सरासरीपासूनचं अंतर तिन्ही दिवशी शून्य. म्हणजे कोव्हेरिअन्स शून्य आणि बीटाही शून्य. प्रत्यक्षात तीन दिवसांत निफ्टी मिळून सुमारे ५ टक्के खाली होता आणि शेअर १४ टक्क्यांहून जास्त. त्या हिरव्या ओळीवर विश्वास ठेवून पैसे लावलेले एक निवृत्त शिक्षक रोज फोन करून विचारत होते, "विकला का हो?" विकला जातच नव्हता. फोन घ्यायचं काम माझ्याकडे होतं, साहेबांकडे नाही.

तुमच्या शेअरला हा आजार आहे का, ते तपासणं सोपं आहे. आधी वर्षभरात परतावा अगदी शून्य असलेले दिवस मोजा आणि सर्किटला अडकलेले दिवस वेगळे मोजा. मग त्याच काळाचा बीटा रोजच्या, आठवड्याच्या आणि महिन्याच्या परताव्यांवरून काढून शेजारी ठेवा. तीन आकडे जवळपास असले तर ठीक. पायऱ्या चढल्यासारखे वाढत गेले तर रोजचा आकडा फेकून द्या. आणखी एक करा, निफ्टीचा रकाना एक दिवस खाली सरकवून SLOPE पुन्हा लावा. रोज सौदे होणाऱ्या मोठ्या शेअरला तिथे शून्याच्या आसपास काहीतरी येतं. इथे ०.४ वगैरे आलं तर शेअर कालच्या बाजाराला आज उत्तर देतोय.

यावरचा उपाय एलरॉय डिमसन यांनी १९७९ मध्येच मांडला आहे. शेअरचा परतावा आजच्या, कालच्या, परवाच्या (आणि उद्याच्याही) बाजार-परताव्यांवर एकत्र बसवायचा आणि सगळे गुणांक मिळवायचे. समजा आजचा गुणांक ०.२०, कालचा ०.४० आणि परवाचा ०.२५ आला, तर बीटा ०.८५ धरायचा, ०.२० नाही. एक्सेलमध्ये LINEST ला निफ्टीचे सरकवलेले रकाने शेजारी शेजारी दिले की होतं. फक्त LINEST गुणांक उलट्या क्रमाने देतं, तेवढं बघा. मात्र सर्किट लागोपाठ लागत गेलं तर दोन-तीन दिवसांची सरकवणूकही पुरत नाही. तिथे महिन्याचे परतावे आणि पाच वर्षं, म्हणजे ६० आकडे, हाच मार्ग.

हो, तुमचे आकडे महिन्याचेच आहेत, त्यामुळे वरचं सगळं तुम्हाला कदाचित लागूच होणार नाही. तुमची अडचण वेगळी आहे: १२ आकडे फार कमी. हे काढून बघा:

```
=STEYX(C2:C13,B2:B13)/SQRT(DEVSQ(B2:B13))
```

ही बीटाची प्रमाण त्रुटी. शेअर आणि निफ्टीचा सहसंबंध ०.३ च्या आसपास असेल, आणि स्मॉलकॅपला तसा असणं काही विशेष नाही, तर ०.६० च्या बीटावर १२ आकड्यांत ही त्रुटीही ०.६ च्या आसपास येईल. म्हणजे खरा बीटा शून्यही असू शकतो आणि १.२ देखील. अशा वेळी ०.५५ की ०.६० यावर मित्राशी वाद घालण्यात काही अर्थ नाही. मित्र बरोबर आहे, पण जिंकलेला नाही.

कमी बीटा प्रत्येक वेळी खोटा असतो असंही नाही. साबण, बिस्किटं, औषधं विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा रोज भरपूर सौदे होऊनही एकपेक्षा बराच कमी येतो आणि तो खरा असतो. तरी तो बाजाराबरोबरच्या हालचालीपुरताच. प्रवर्तकाने शेअर गहाण टाकलेत की नाही, कारखाना बंद पडणार की काय, हे कोव्हेरिअन्समध्ये दिसत नाही. कोणी तुमच्यासमोर कमी बीटाची यादी ठेवली तर दोनच गोष्टी विचारा: परतावे रोजचे की महिन्याचे, आणि गेल्या वर्षात सौदा न झालेले दिवस किती. आमच्या साहेबांनी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला शेवटपर्यंत दिलं नाही. तक्त्यात तो रकाना घालायला दोन मिनिटं लागली असती.