फूड ट्रकसाठी दर आठवड्याचं कॅप्शन

प्रश्न: आमचा फूड ट्रक पुण्यात फिरतो, दर आठवड्याला जागा आणि वेळ सांगणारं इन्स्टाचं कॅप्शन कसं लिहू? एखादा साचा द्या.

उत्तर: पहिल्याच ओळीत तारखा आणि एरिया टाका, कारण फीडमध्ये कॅप्शन सुरुवातीलाच कापलं जातं आणि "नमस्कार खवय्यांनो" मध्येच ती जागा संपते. मी मित्राच्या मिसळच्या ट्रकचं पेज बघतो, तिथे हा साचा चालतो, दर सोमवारी फक्त तारखा नि जागा बदलायच्या:

११ ते १५ मार्च: कोथरूड, बाणेर
बुध ११, गुरु १२: कोथरूड, (दुकानाचं नाव) समोर, संध्या. ६ ते १०
शुक्र १३ ते रवि १५: बाणेर, (पेट्रोल पंप) शेजारी, संध्या. ७ ते ११
शेवटची ऑर्डर बंद व्हायच्या अर्धा तास आधी
सोम, मंगळ सुट्टी

"आज", "उद्या" अजिबात लिहू नका, पोस्ट लोकांना दोन-तीन दिवसांनी पण दिसते आणि मग गुरुवारी कोणीतरी बुधवारच्या जागी जाऊन उभा राहतो आणि वर आपल्यालाच शिव्या. कॅप्शनमधली मॅपची लिंक क्लिक होत नाही म्हणून खूण शब्दांत लिहायची, लिंक बायोमध्ये किंवा स्टोरीच्या स्टिकरवर द्यायची. फक्त ऐनवेळी जागा बदलली, पाऊस नाहीतर पोलिसांनी हलवलं, तर नुसती स्टोरी टाकून भागत नाही, जुनं कॅप्शनही एडिट करून वरच "शुक्रवारची जागा बदलली" लिहा.