एफडी मोडू नकोस, तारण ठेव

सप्रेम आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून सविस्तर लिहितो. बाणेरच्या फ्लॅटचं डिपॉझिट आणि ब्रोकरेज मिळून दोन लाख हवेत, ऑगस्टमध्ये बोनस येणार आहे, म्हणजे अडचण चार महिन्यांची. बँकेच्या ॲपवर पर्सनल लोन मंजूर होऊन पडलंय, असं तू म्हणालीस. ते घेण्याआधी एवढं वाच.

तुझी तीन लाखांची दोन वर्षांची एफडी आहे, ७ टक्क्यांची, आणि तिला चौदा महिने झालेत. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट काढता येतो, म्हणजे ती तारण ठेवून ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेवढे पैसे उचलता येतात. बँका साधारण ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत देतात आणि व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावतात. ८ टक्के धरले तर दोन लाखांचं चार महिन्यांचं व्याज ५,३३३ रुपये होतं. त्याच काळात एफडीतल्या तेवढ्याच दोन लाखांवर तुला ४,६६७ रुपये मिळत राहतात. फरक ६६७ रुपयांचा. एफडीच्या व्याजावर तुला प्राप्तिकर भरावा लागतो आणि कर्जाच्या व्याजाची वजावट मिळत नाही, म्हणून तीस टक्क्यांच्या टप्प्यात हा फरक दोन हजारांच्या आसपास जाईल. तरीही तो दोन हजारच.

आता पर्सनल लोन. १४ टक्के दराने, बारा हप्त्यांचं घेतलंस तर हप्ता साधारण १७,९५७ रुपये. चार हप्त्यांत व्याज जातं ८,२३० च्या घरात. दोन टक्के प्रोसेसिंग फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, हे ४,७२० रुपये बहुतेकदा रकमेतूनच कापून घेतात, त्यामुळे हातात दोन लाख पडतच नाहीत. आणि ऑगस्टमध्ये कर्ज बंद करायला गेलीस की उरलेल्या सुमारे १ लाख ३६ हजारांवर चार टक्के फोरक्लोजर आणि पुन्हा जीएसटी, म्हणजे आणखी ६,४०० च्या वर. एकूण १९ हजारांच्या पुढे. काही कर्जांत पहिले सहा किंवा बारा हप्ते भरेपर्यंत बंद करूच देत नाहीत. हे दर माझ्या हिशेबासाठी धरलेत. तुझे खरे आकडे बँक देते त्या 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये असतात. त्यातला वार्षिक टक्केवारीचा दर, म्हणजे एपीआर, बघ. त्यात प्रोसेसिंग फी धरलेली असते. फोरक्लोजरचा खर्च मात्र वेगळा शोधावा लागतो, आणि कमी मुदतीच्या गरजेला घाव तिथेच बसतो.

"मग एफडीच मोडू का?" असं विचारशील. नवी, महिन्या-दोन महिन्यांची असती तर मोड म्हटलं असतं. पण चौदा महिन्यांच्या ठेवीला आता एक वर्षाच्या मुदतीचा दर लागेल आणि त्यातून बहुधा एक टक्का दंड जाईल. समजा ५.७५ टक्के मिळाले, तर मागच्या चौदा महिन्यांचंच सुमारे ४,३७५ रुपयांचं व्याज गेलं. ठेव जितकी जुनी, तितकं मोडणं महाग. मात्र पाच वर्षांची करबचतीची एफडी असेल तर ती तारण ठेवता येत नाही, एवढं तपास.

आईच्या पाटल्यांचं म्हणालीस. एफडी नसती तर तोच दुसरा पर्याय होता, कारण व्याज पर्सनल लोनपेक्षा कमी असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. पण धरतात ते निव्वळ सोन्याचं वजन. खडे, मणी, आतली लाख सगळी वजा होते. बोरमाळेसारख्या दागिन्यात हे जास्त जाणवतं, पाटल्यांत कमी. बँकेच्या लक्ष्मी रोडच्या शाखेत नोकरीला असताना मी पाहिलं, की बिघडतं ते नूतनीकरणात. मुद्दल-व्याज शेवटी एकदम भरायचं कर्ज वर्षभराचं असतं. वर्ष संपलं की लोक फक्त व्याज भरून ते पुढे ढकलतात. चार महिन्यांसाठी ठेवलेल्या पाटल्या तीन वर्षं लॉकरमध्ये आणि शेवटी लिलावाची नोटीस. त्या पाटल्या आईच्या आहेत, तुझ्या नव्हेत, हेही मला त्यात मोजावंसं वाटतं.

गरज दोन-तीन वर्षांची असती आणि पगारातूनच फेडायची असती, तर मी पर्सनल लोनच्या बाजूने बोललो असतो. ठरलेला हप्ता शिस्त लावतो. ओव्हरड्राफ्टला हप्ता नसतो, हाच त्याचा धोका. पैसे फिरत राहतात, एफडीची मुदत संपते आणि बँक ठेवीतून वळतं करून घेते.

तेव्हा ओव्हरड्राफ्टची मर्यादा दोन लाखांचीच ठेव, पूर्ण ९० टक्के घेऊ नकोस. ब्रोकरेज द्यायच्या दिवशीच तेवढे काढ, कारण व्याज रोजच्या शिल्लक रकमेवर लागतं. बोनस आला की त्याच दिवशी भर, खातं बंद करायला सांग आणि एफडीवरचा लियन, म्हणजे बँकेचा तारणहक्क, निघाल्याची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

तुझा,
काका