फी सवलतीचा अर्ज: आकडा लिही, आणि बाबांची सही घे

प्रश्न: मी इंदूरला खासगी शाळेत अकरावीत आहे. बाबांची पीथमपूरची नोकरी गेली. कंपनीनं हातात काही कागद दिला नाही. फी सवलतीसाठी प्राचार्यांना काय लिहू? कुणी म्हणतं आरटीईतून फी माफ होते, ते खरं का?

उत्तर:

आरटीई तुझ्या कामाचं नाही. २००९च्या त्या कायद्यात खासगी शाळेतल्या २५ टक्के जागा आहेत खऱ्या, पण त्या पहिलीच्या किंवा नर्सरीच्या प्रवेशाच्या वेळी भरतात आणि फी माफ असते ती आठवीपर्यंतच. मध्यप्रदेशचा २०१७चा फी नियमनाचा कायदा शाळेच्या फीवाढीला लगाम घालतो, एका घरातली अडचण तो बघत नाही. म्हणजे तुझा निर्णय शाळेच्याच हातात आहे.

मी इथल्या एका खासगी शाळेच्या कार्यालयात एकोणीस वर्षं फीच्या खिडकीवर बसले. असे अर्ज दर सप्टेंबर-ऑक्टोबरात यायचे आणि बरेचसे सारख्याच वाक्यावर अडायचे: "कृपया शक्य तितकी सवलत द्यावी." प्राचार्य वाचून हळहळत, वर "व्यवस्थापन समितीकडे" असा शेरा मारत. समितीत प्रश्न यायचा, मागितलंय किती? कागदावर आकडाच नसायचा, मग कागद पुढच्या बैठकीपर्यंत पडून. बैठक दोन महिन्यांनी. तोवर मुलाचं नाव थकबाकीच्या यादीत.

म्हणून आधी फीचं कार्ड समोर घे आणि रकमा वेगळ्या कर. शिकवणी शुल्क शाळेचं स्वतःचं, सूट मिळते ती त्यात. बस बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराची असते, तिथे प्राचार्यांचं काही चालत नाही. मंडळाची नोंदणी फी शाळा पुढे पाठवते, ती मागूच नकोस. विलंब शुल्क माफ करणं आणि हप्ते बांधून देणं मात्र आमच्याकडे प्राचार्यांच्या सहीनं व्हायचं, समितीपर्यंत जावं लागायचं नाही. म्हणून या मागण्या अर्जात सुट्या लिही. मोठी अडली तरी छोटी त्याच दिवशी सुटते.

नववीतल्या एका मुलीचा अर्ज मला आजही आठवतो, कारण त्यात मला काही विचारावं लागलं नाही. तिच्या वडिलांचं काम ३१ ऑगस्टला सुटलं होतं. सप्टेंबरपर्यंतची फी भरलेली होती. ऑक्टोबर ते मार्च राहिलेलं असं: शिकवणी महिना ३,००० प्रमाणे १८,०००, बस महिना १,४०० प्रमाणे ८,४००, परीक्षा शुल्क १,२००. एकूण २७,६००. आई डबे करायची, त्यातून महिना ९,००० यायचे आणि ५,५०० घरभाड्यात जायचे. तिनं शिकवणीत निम्मी सूट मागितली आणि नोव्हेंबरपासून बस सोडते असं स्वतःच लिहिलं. मग भरायचे राहिले ९,००० अधिक ऑक्टोबरच्या बसचे १,४०० अधिक १,२००, म्हणजे ११,६००. बस सोडल्याचं वाक्य समितीला फार पटलं. घरानं आपला हात आधी आखडलाय हे त्यातून दिसतं.

तिचा अर्ज साधारण असा होता:

> प्रति,
> मा. प्राचार्य महोदया
>
> विषय: वडिलांची नोकरी सुटल्यामुळे शिकवणी शुल्कात सवलत आणि हप्त्यांबाबत.
>
> महोदया,
> मी इयत्ता ९ वी 'ब' ची विद्यार्थिनी. माझे वडील पीथमपूर येथे नोकरीला होते. ३१ ऑगस्टपासून त्यांचे काम सुटले आहे. सध्या घरी आईच्या डब्यांचे महिना सुमारे ९,००० रुपये येतात, त्यांतील ५,५०० घरभाड्यात जातात. सप्टेंबरपर्यंतची फी भरलेली आहे.
>
> माझ्या तीन विनंत्या आहेत.
> ऑक्टोबर ते मार्चच्या शिकवणी शुल्कात (१८,०००) निम्मी, म्हणजे ९,००० रुपयांची सूट मिळावी.
> उरलेले ११,६०० रुपये दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत, पाच हप्ते २,००० चे आणि शेवटचा १,६०० चा, असे भरू द्यावेत. नोव्हेंबरपासून मी शाळेची बस वापरणार नाही.
> या काळात विलंब शुल्क लावू नये.
>
> वडिलांना काम मिळाल्यास आम्ही लगेच कळवू.
>
> आपली विद्यार्थिनी (सही, वर्ग, स्कॉलर क्रमांक)
> पालकाची सही आणि फोन
> सोबत: वडिलांच्या बँक पासबुकाची प्रत, पीएफ पासबुकाची प्रत, फी कार्डाची प्रत

तुझे आकडे तुझे घाल. हप्ता घरी खरंच निघेल तेवढाच लिही, दुसऱ्याच महिन्यात चुकला तर सवलतही जाते. आणि अर्ज मराठीत मनात जुळव, पण द्यायचा तो हिंदीत किंवा तुमच्या शाळेत चालत असेल त्या भाषेत. इंदूरात घरी मराठी असली तरी समितीतल्या सगळ्यांना ती वाचता येतेच असं नाही.

कंपनीच्या कागदावाचून अडत नाही. ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांना तो बहुधा मिळतच नाही. बँक पासबुकात शेवटचा पगार कधी जमा झाला ते दिसतं, आणि पीएफ कापला जात असेल तर त्याच्या पासबुकात शेवटच्या वर्गणीचा महिना असतो. दोन्ही तारखा जुळल्या की कुणी शंका घेत नाही. पगार रोखीत असेल तर तसं साध्या वाक्यात लिहा आणि बाबांचं सहीचं निवेदन जोडा.

बाबांची सही मात्र हवीच. एका मुलानं वडिलांना न सांगता अर्ज दिला होता. मी नेहमीप्रमाणे खातरजमेला घरी फोन लावला. ते दुपारी आले, खिडकीशी उभे राहिले आणि "असं काही नाही" म्हणून अर्ज परत घेऊन गेले. फी त्यांनी कर्ज काढून भरली, हे नंतर कळलं. फोन करण्याआधी मी मुलाला जवळ बोलावून विचारायला हवं होतं, हे अजून टोचतं. घरी हा विषय जड जात असेल तर आईला मध्ये घे, पण बाबांना कळल्याशिवाय कागद देऊ नकोस.

अर्ज फीच्या शेवटच्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी दे. दोन प्रती ने, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. मंजुरी झाली असं कुणी तोंडी सांगितलं की थांबू नकोस. फीचं सॉफ्टवेअर प्राचार्यांचा शेरा वाचत नाही, खिडकीवरच्या माणसानं नोंद करेपर्यंत दंड चढत राहतो आणि घरी संदेश येत राहतात. खिडकीवर जाऊन सुधारलेली फी पावती छापून माग. तिच्यावर कमी झालेली रक्कम दिसली की काम झालं.

त्या मुलीला समितीनं पूर्ण मागणी दिली नाही. निम्मी सूट फक्त ऑक्टोबर ते डिसेंबरची, म्हणजे ४,५०० रुपये, मिळाली. हप्ते आणि दंडमाफी प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी दिली होती. जानेवारीत पुन्हा अर्ज करायला सांगितलं. तिनं केला, आणि त्यात वडिलांना कमी पगारावर काम लागल्याचंही लिहिलं. सूट थांबली, पण हप्ते मार्चपर्यंत तसेच चालू ठेवले.