लोह-56 ची बंधनऊर्जा: 8.55 का येते, आणि किलोजूल प्रति मोल कसे करायचे?

प्रश्न: लोह-56 ची प्रति न्यूक्लिऑन बंधनऊर्जा मी काढतो तेव्हा 8.55 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट येते, पुस्तकात 8.79 आहे. कुठे चुकतंय? आणि हीच ऊर्जा किलोजूल प्रति मोलमध्ये मागितली तर? तिथे तर माझं उत्तर दर वेळी वेगळंच येतं.

उत्तर:

8.55 या आकड्यातच चूक दिसते. तुम्ही 26 प्रोटॉन आणि 30 न्यूट्रॉन यांच्या वस्तुमानांची बेरीज केली आणि तिच्यातून तक्त्यातलं 55.934936 वजा केलं. पण तक्त्यात अख्ख्या अणूचं वस्तुमान असतं, नुसत्या केंद्रकाचं नाही. म्हणजे वजा केलेल्या आकड्यात 26 इलेक्ट्रॉन आले, बेरजेत मात्र एकही नव्हता. त्यामुळे वस्तुमान तूट 0.01426 u ने कमी भरली. ऊर्जेत हे 13.3 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट होतात. 56 ने भागा, 0.24 मिळतील. तुमच्या आणि पुस्तकाच्या उत्तरातला फरक नेमका तेवढाच आहे.

उपाय सोपा आहे: प्रोटॉनऐवजी हायड्रोजन-1 च्या अणूचं वस्तुमान घ्या. मग दोन्ही बाजूंना 26-26 इलेक्ट्रॉन येतात आणि वजाबाकीत आपोआप जातात.

```
26 × 1.00782503 = 26.203451 u
30 × 1.00866492 = 30.259948 u
बेरीज           = 56.463398 u
लोह-56 अणू      = 55.934936 u
तूट             =  0.528462 u

0.528462 × 931.494 = 492.26 MeV
492.26 / 56        = 8.790 MeV
```

इलेक्ट्रॉन अणूला बांधलेले असतात, त्यांची स्वतःची बंधनऊर्जा यात काटेकोरपणे जात नाही, हे खरं. पण लोहासाठी ती एकूण 0.03 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आहे. 492 पुढे तिचा विचार न करता चालतं.

वस्तुमानं मध्येच पूर्णांकित करू नका, इथे बरेच जण फसतात. 56.46 मधून 55.93 वजा केल्यावर उरतं जेमतेम अर्धं एकक, त्यामुळे दशांशातली छोटी चूक उत्तरात मोठी होऊन येते. 1.008, 1.009 आणि 55.935 घेऊन हेच गणित केलं तर प्रति न्यूक्लिऑन 9.03 येतात. असं उत्तर आलं की लगेच थांबायचं, कारण कुठल्याच केंद्रकाची प्रति न्यूक्लिऑन बंधनऊर्जा 8.8 च्या वर जात नाही. सर्वांत वरचा निकेल-62 सुद्धा 8.79 च्या किंचित पुढेच आहे. आणि 10.3 आले, तर आवर्तसारणीतलं 55.845 वापरलं गेलंय. ती लोहाच्या सगळ्या समस्थानिकांची सरासरी आहे, लोह-56 चं वस्तुमान नव्हे.

आता मोल. एका अणूचं वस्तुमान u मध्ये जितकं, तितकेच ग्रॅम त्याच्या एका मोलचे. तुटीलाही हेच लागू आहे, म्हणजे लोह-56 च्या एका मोलमागे तूट 0.528462 ग्रॅम. ॲव्होगाड्रो अंक या पायरीत येऊन गेला. तो पुन्हा गुणलात की उत्तर 10³⁴ च्या घरात जातं. पुढे:

```
0.528462 g = 5.28462 × 10⁻⁴ kg
E = 5.28462 × 10⁻⁴ × (2.99792 × 10⁸)²
  = 4.750 × 10¹³ J/mol
  = 4.750 × 10¹⁰ kJ/mol
```

तुमचं उत्तर दर वेळी बदलतं ते बहुधा इथेच. ग्रॅमचे किलोग्रॅम करताना एकदा हजाराने भागायचं, जूलचे किलोजूल करताना पुन्हा एकदा. एक भागाकार राहिला तर उत्तर हजारपट मोठं, दोन्ही राहिले तर दहा लाखपट. पडताळणीसाठी दुसरी वाट वापरा: प्रत्येक कणामागे 1 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे 9.6485 × 10⁷ किलोजूल प्रति मोल. 492.26 ला याने गुणलं की तेच 4.750 × 10¹⁰ मिळतात. दोन्ही वाटांची उत्तरं जुळली नाहीत, तर दहाचा घातांक तपासा.

राहिला प्रश्न ‘मोल कशाचा?’ हा. वरचा आकडा एक मोल केंद्रकांचा आहे. एक मोल न्यूक्लिऑनांसाठी तो 56 ने भागायचा: 8.48 × 10⁸ किलोजूल प्रति मोल. ‘प्रति न्यूक्लिऑन, किलोजूल प्रति मोलमध्ये’ असं विचारलं असेल तर हाच द्यायचा. उत्तरात ‘प्रति मोल केंद्रक’ की ‘प्रति मोल न्यूक्लिऑन’ हे स्पष्ट लिहा, कारण नुसतं kJ/mol पाहून तपासणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही. आकड्याचा अंदाज यावा म्हणून: हायड्रोजन रेणूतला बंध तोडायला मोलमागे 436 किलोजूल लागतात. तुमचा प्रति न्यूक्लिऑन आकडा त्याच्या वीस लाखपटीच्या जवळपास यायला हवा. शेकड्यात किंवा हजारांत आला, तर रूपांतर चुकलंय.