गर्थ म्हणजे परिघ नव्हे, तंग

प्रश्न: ग्राफ थिअरीतल्या ‘गर्थ’ला मराठीत परिघ म्हणावं की घेर? आणि प्रत्येक बिंदूला किमान किती कडा आहेत ते आणि गर्थ, एवढंच माहीत असेल तर एकूण बिंदू कमीत कमी किती हवेत हे कसं काढतात?

परिघ तर मुळीच नको. हे भाषांतर वारंवार कानावर येतं आणि दर वेळी चीड येते, कारण त्याने अर्थच उलटा होतो. आलेखातल्या सर्वांत लहान चक्राची लांबी म्हणजे गर्थ. सर्वांत मोठ्या चक्राच्या लांबीला त्याच शास्त्रात सर्कमफरन्स म्हणतात. परिघ हा शब्द तिच्यासाठी राखून ठेवायला हवा. पीटरसनचा आलेख घ्या. बाहेर पंचकोन, आत पाच टोकांची चांदणी, आणि बाहेरचा प्रत्येक बिंदू आतल्या एकेका बिंदूला जोडलेला. त्यात ५ कडांपेक्षा लहान चक्र नाही आणि ९ कडांपेक्षा मोठं नाही. म्हणजे गर्थ ५, परिघ ९. दोन्हींना परिघ म्हटलं तर विद्यार्थ्याने समजायचं काय?

‘घेर’ सुचवणारे वनखात्याचा दाखला देतात. झाडाच्या खोडाला फीत गुंडाळून मोजतात तो घेर, हे बरोबर आहे. पण घेर म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर पसारा येतो: परकराचा घेर, वडाचा घेर. आपल्याला हवी आहे ती नेमकी उलटी गोष्ट, सर्वांत आवळलेला वेढा.

आणि हा शब्द मुळात आवळण्याचाच आहे! जुन्या नॉर्स भाषेत त्याचा पूर्वज पट्ट्यासाठी होता, इंग्रजीतला ‘गर्डल’ त्याच्याच कुळातला. इंग्रजीत गर्थ आधी घोड्याच्या पोटाखालून खोगीर कसायच्या पट्ट्याला म्हणत. अंगाचं किंवा खोडाचं माप हा अर्थ नंतरचा. त्या पट्ट्याला आपल्याकडे शब्द आहे: तंग. फारसीतून आला. तिकडे तंग म्हणजे अरुंद, घट्ट, आणि तंग म्हणजे खोगिराचा पट्टाही. ‘तंग कसला’ म्हणणाऱ्या आपल्या घोडेस्वारांना दोन्ही अर्थ एकाच शब्दात मिळत होते. आलेखातलं सर्वांत घट्ट चक्र म्हणजे त्याचा तंग. परिभाषा ठरवणाऱ्यांनी हा शब्द घ्यायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे. पुढे मी तोच वापरतो.

आता बिंदूंची संख्या. प्रत्येक बिंदूला निदान ३ कडा आहेत आणि तंग ५ आहे असं धरा. कुठलाही एक बिंदू निवडा. त्याला निदान ३ शेजारी. त्या प्रत्येकाची एक कडा मूळ बिंदूकडे परत जाते, उरल्या निदान २. त्या एकमेकांकडे वळल्या तर ३ कडांचं चक्र होईल. दोन शेजाऱ्यांच्या कडा एकाच नव्या बिंदूवर भेटल्या तर ४ कडांचं. तंग ५ असताना दोन्ही अशक्य, म्हणून ६ वेगळे नवे बिंदू मिळालेच पाहिजेत. १ + ३ + ६ = १०. पीटरसनच्या आलेखात बरोबर तेवढेच आहेत. तंग ७ असेल तर आणखी एक थर मोजता येतो: १ + ३ + ६ + १२ = २२. ३ च्या जागी d ठेवला की 1 + d + d(d−1) + d(d−1)² अशी बेरीज वाढत जाते.

तंग सम असला की पुष्कळ जण इथेच घसरतात. तंग ६ साठीही ते एका बिंदूपासून मोजतात आणि १० वर थांबतात. तिथे सुरुवात एका कडेपासून करायची. तिची दोन टोकं, त्यांचे ४ नवे शेजारी, त्यांचे ८. यांतले कोणतेही दोन एकच निघाले तर ५ किंवा त्याहून कमी कडांचं चक्र होतं, म्हणून २ + ४ + ८ = १४ बिंदू हवेतच, आणि हीवुडचा आलेख नेमका १४ चा आहे. तेव्हा १२ बिंदू, प्रत्येकाला ३ कडा आणि तंग ६ असं कुणी सांगितलं, तर आकृती न पाहताच चूक आहे म्हणा.

याला मूरची मर्यादा म्हणतात, एडवर्ड मूर यांच्या नावावरून. ती ‘इतके तरी हवेत’ एवढंच सांगते, ‘इतके पुरतील’ असं नाही. हा भेद पाठ्यपुस्तकंसुद्धा धूसर करून टाकतात. ३ कडा आणि तंग ७ साठी हिशेब २२ म्हणतो, पण प्रत्यक्षात सर्वांत लहान आलेख २४ बिंदूंचा, मॅक्‌गीचा. तंग ५ असताना मर्यादा तंतोतंत केव्हा गाठता येते हे हॉफमन आणि सिंगल्टन यांनी १९६० मध्ये दाखवलं: d ची किंमत २, ३, ७ किंवा ५७ असेल तरच. २ चा पंचकोन, ३ चा पीटरसनचा, ७ चा ५० बिंदूंचा आलेख त्यांनीच उभा केला. ५७ साठी १ + ५७ + ५७ × ५६ = ३२५० बिंदू लागतील. तसा आलेख आजवर कुणी बांधलेला नाही, आणि तो असूच शकत नाही हेही कुणी सर्वमान्यपणे सिद्ध केलेलं नाही.