औषध छातीच्या गाठीवर, मग केस का गेले?

"ताई, आम्ही तासगाव तालुक्यातले. सासूबाईंना स्तनाचा कॅन्सर आहे, मिरजेला केमो चालू आहे. लाल औषधाचा पहिला डोस झाला. सहाव्या दिवशी तोंड आलं, जुलाब लागले. ताकदीसाठी मी दोन वेळा दूध देते, तरी थांबत नाहीत. सतराव्या दिवशी केसांची वेणी हातात आली. त्या म्हणतात, गाठ छातीत आणि औषध डोक्यात गेलं, पुढचा डोस नको. पुढे किरणांचे शेकही द्यायचे आहेत, म्हणजे उगवलेले केस परत जाणार का?"

सासूबाईंना सांगा, औषध चुकीच्या जागी गेलेलं नाही. शिरेतून दिलेलं औषध रक्तासोबत सगळीकडे जातं. ते गाठ ओळखत नाही. जी पेशी दोन होण्याच्या तयारीत असते, तिच्यावर त्याचा घाव मोठा बसतो. दोन होण्याआधी पेशीला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, नेमकं तिथेच बिघाड करतं. निवांत पेशीला तो दुरुस्त करायला वेळ मिळतो, घाईतली पेशी तशीच पुढे जाते आणि मरते.

आता डोकं बघा. डोक्यावरच्या शंभर केसांतले पंच्याऐंशी ते नव्वद कोणत्याही वेळी वाढत असतात आणि त्यांच्या मुळाशी पेशी सतत विभागत असतात. औषध आलं की हे काम अडतं आणि केसाचा तेवढा भाग बारीक, ठिसूळ होतो. उशीवरचा एखादा केस उजेडात धरून पाहा, मुळाकडचं टोक बहुतेकदा पेन्सिलीसारखं निमुळतं दिसेल. असा केस दोन-तीन आठवड्यांनी विंचरतानाच तुटतो. या औषधाने केस जवळपास सगळ्यांचेच जातात. काही औषधांनी ते जात नाहीत. म्हणून शेजारणीचे केस राहिले, तर तिचं औषध हलकं आणि आपलं जहाल, असा हिशेब मांडू नका. केस किती गेले, यावरून गाठीवर परिणाम किती झाला हेही कळत नाही.

मुळाच्या वर, केसाच्या पिशवीच्या कडेला, काही पेशी राखीव असतात. त्या क्वचितच विभागतात, म्हणून बचावतात. केमो संपल्यावर साधारण एक ते तीन महिन्यांत केस पुन्हा उगवू लागतात ते त्यांच्यामुळेच. सुरुवातीला ते कुरळे किंवा वेगळ्या रंगाचे येऊ शकतात.

आतड्याचं गणित तेच, फक्त घाई जास्त. लहान आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. बोटांसारख्या बारीक उंचवट्यांवरच्या जुन्या पेशी झडतात आणि खालच्या खाचांतून नव्या वर सरकतात. केमोने खाचांतलं काम थांबतं, वरचं झडणं मात्र चालूच राहतं. म्हणून त्रास पहिल्याच दिवशी न होता काही दिवसांनी सुरू होतो. (पहिल्या-दुसऱ्या दिवसाची उलटी मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांमुळे होते. तिच्या गोळ्या वेगळ्या असतात.)

दुधातली साखर पचवणारा रस याच उंचवट्यांच्या वरच्या पेशींत असतो. त्या झडल्या की दूध पचत नाही आणि जुलाब वाढतात. तुम्ही प्रेमाने देताय, पण सध्या दूध बंद ठेवा. पातळ पेज, मऊ भात, मूगडाळीचं वरण, केळं द्या. प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस द्या. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तोंडासाठी एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरायच्या. ठेचा आणि कडक भाकरी तूर्त नको.

माझं लक्ष मात्र केसांपेक्षा तापावर आहे. हाडांतल्या मगजाच्या पेशीही अशाच घाईच्या. डोसानंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात, आणि आतड्याचं अस्तरही तेव्हाच फाटकं असतं. तिथून जंतू रक्तात शिरले तर जीवावर बेतू शकतं. थर्मामीटर घरात ठेवा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्री दोन वाजले तरी हॉस्पिटल गाठा. जुलाबात रक्त, दिवसभर लघवी न होणं, पाणीही न गिळता येणं, यांनाही तोच नियम. जुलाब बांधायची गोळी मनाने देऊ नका.

दोन डोसांमधले २१ दिवस याच भरपाईसाठी असतात. निरोगी पेशी एवढ्यात सावरतात, गाठीच्या पेशींना तितकं जमत नाही, आणि लगेचच्या पुढच्या डोसात त्या आणखी मरतात. सासूबाईंनी डोस सोडला तर गाठीलाच उसंत मिळेल. जुलाब पूर्ण थांबले नसतील तर डॉक्टरांना सांगा. डोस काही दिवस पुढे ढकलता येतो, मात्राही बदलता येते.

शेकाचं वेगळं. किरण जिथे पडतात, मुख्यतः तिथल्याच पेशींवर काम करतात. छातीवर शेक दिल्यावर डोक्याचे केस जात नाहीत. त्या भागातली कातडी लाल होते, सोलवटते, आणि काख त्यात येत असेल तर काखेतले केस जातात.